पहिल्यांदाच मॅनेजर झालेल्याचं अप्रेझल कसं करावं: चाकणच्या एका मेंटेनन्स खात्याचा वर्षभराचा हिशेब

मार्च उजाडला की एचआरकडून अप्रेझलचे फॉर्म येतात, आणि बहुतेक कारखान्यांत एकेक फॉर्म अर्ध्या तासात भरून होतो. जुन्या मॅनेजरच्या बाबतीत एक वेळ ते चालून जातं, कारण त्याचं काम आपण पाच-सात वर्षं बघितलेलं असतं. पण कालपर्यंत जो स्वतः मल्टिमीटर घेऊन पॅनलसमोर बसत होता आणि गेल्या एप्रिलपासून ज्याच्या हाताखाली दहा माणसं आहेत, त्याचा फॉर्म असा भरला तर हमखास एक चूक होते. आपण त्याला पुन्हा एकदा चांगला इंजिनियर म्हणूनच मार्क देऊन मोकळे होतो.

चांगला इंजिनियर आणि चांगला मॅनेजर यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. अमेरिकेतल्या अनेक कंपन्यांतल्या विक्री प्रतिनिधींवरचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याची विक्री जास्त, त्याला बढती मिळण्याची शक्यता जास्त, हे त्यात दिसलंच. पण तेच लोक मॅनेजर झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी सरासरीने खालावली, हेही दिसलं. आपल्याकडे मशिन शॉपमध्ये, टूल रूममध्ये, मेंटेनन्समध्ये बढती याच पद्धतीने होते. म्हणून पहिल्या वर्षाचं अप्रेझल दुसऱ्या माणसांच्या कामात शोधावं लागतं. ते कसं शोधायचं, हे मी एका खऱ्या उदाहरणावरून सांगतो. माणूस ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

चाकणच्या आमच्या शॉपमध्ये २२ मशिन्स, त्यातली बरीचशी सीएनसी. मेंटेनन्समध्ये दोन इंजिनियर आणि आठ टेक्निशियन, तीन शिफ्टमध्ये. तिथला सगळ्यात हुशार इंजिनियर एप्रिलमध्ये मॅनेजर झाला. सर्वो ड्राइव्हचा फॉल्ट आवाजावरून ओळखणारा माणूस. वर्षअखेरीस त्याने स्वतःच्या फॉर्ममध्ये पहिलं वाक्य लिहिलं: ब्रेकडाऊन महिन्याला सरासरी ६० तासांवरून ४१ तासांवर आणला. आकडा खरा होता. त्यावर लगेच पाचपैकी पाच देण्याचा मोह मलाही झाला.

आधी कागद गोळा करा, मत नंतर बनवा

अप्रेझलच्या बैठकीआधी निदान दोन आठवडे हाताशी ठेवा. या काळात त्याच्याशी मार्कांबद्दल काही बोलायचं नाही. वर्षभरातल्या ब्रेकडाऊन स्लिपा, शिफ्टचं लॉगबुक, इंटरव्ह्यूच्या वेळी भरलेली शीटं, खात्याचं रजेचं रजिस्टर आणि खरेदीच्या इंडेंटवरच्या सह्या एवढं पुरतं. ज्या कारखान्यात स्लिपा भरल्याच जात नाहीत, तिथे लॉगबुक आणि स्टोअरमधून स्पेअर कुणी काढले याची नोंद यांवर भागवावं लागतं.

चार गोष्टी तपासायच्या आहेत: माणसं कशी घेतली, काम कसं सोपवलं, माणसं कशी घडवली आणि खात्याचा निकाल काय लागला. या चार गोष्टी चार वेगळ्या दिवशी, चार वेगळ्या कागदांवर लिहा. यामागे जुना धडा आहे. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या बाबींवर जे गुण देत, ते एकमेकांशी संशय यावा इतके जुळत. एकूण माणूस आवडला की सगळ्याच रकान्यांत चांगले गुण पडत. एकाच बैठकीत चारही रकाने भरले तर आपल्या हातूनही हेच होतं. आमच्या या मॅनेजरच्या बाबतीत तर ते अटळ होतं, कारण माणूस सगळ्यांचा लाडका.

निकाल शेवटी तपासायचा. तो आधी बघितला की बाकीच्या तीन रकान्यांवर त्याची सावली पडते.

काम सोपवणं: सही कुणाची, हात कुणाचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पहिल्यांदा मॅनेजर झालेला माणूस बहुधा इथेच अडखळतो.

मी दोन तासांपेक्षा जास्त चाललेल्या ब्रेकडाऊनच्या स्लिपा वेगळ्या काढल्या. वर्षभरात अशा ४८ निघाल्या. प्रत्येक स्लिपवर 'काम कुणी केलं' हा रकाना असतो. एप्रिल ते सप्टेंबर २८ स्लिपा होत्या. त्यातल्या २१ मध्ये मॅनेजरचं स्वतःचं नाव होतं. ऑक्टोबर ते मार्च २० स्लिपा. त्यात त्याचं नाव ८ मध्ये. वर्षाची बेरीज केली तर ४८ पैकी २९, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि त्यावरून कुणीही म्हणेल की हा काम सोडतच नाही. पण दोन सहामाह्या वेगळ्या बघितल्या की दुसरंच चित्र दिसतं: पहिल्या सहामाहीत चारांतली तीन मोठी कामं तो स्वतः करत होता, दुसऱ्या सहामाहीत पाचांतली दोन. पहिल्या वर्षात सरासरीपेक्षा हा उतार जास्त बोलका असतो. वर्षाची सरासरी लावून त्याला 'सोपवत नाही' असा शिक्का मारला असता तर मोठा अन्याय झाला असता.

त्या पहिल्या २१ स्लिपांमध्ये मला आणखी एक गोष्ट सापडली आणि ती माझ्यासाठी कडू होती. ९ वेळा त्याला थेट फोन गेला होता, कधी प्रॉडक्शन हेडचा, कधी माझा. रात्री दोनला लाईन बंद पडली की शिफ्ट इंजिनियरला विचारायच्या आधी आम्हीच त्याला उठवत होतो. त्या ९ स्लिपा त्याच्या खात्यावर मांडणं चूक होतं. अप्रेझल करणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे: तो काम सोडत नव्हता, की आपण त्याला सोडू देत नव्हतो? उत्तर फॉर्ममध्ये लिहा, आपल्या नावासकट. मी लिहिलं, आणि त्याच आठवड्यात ठरलं की रात्रीचा पहिला फोन शिफ्ट इंजिनियरलाच जाईल.

दुसरी तपासणी रजेची. माणूस रजेवर असताना खातं कसं चालतं, यासारखी परीक्षा नाही, आणि ती फुकट मिळते. गणपतीला तो नऊ दिवस कोकणात गावी गेला होता. त्या काळात खात्यातून त्याला १७ फोन गेले. फेब्रुवारीत घरच्या लग्नासाठी सहा दिवस गेला तेव्हा ३. ही संख्या मी त्याच्याकडूनच घेतली. त्याने फोन उघडून मोजून सांगितली. फोनची संख्या एवढंच मात्र बघू नका, फोन कशासाठी होता हेही विचारा. १७ पैकी बरेचसे 'अमुक स्पेअर मागवू का' असे परवानगीचे होते. फेब्रुवारीतले तीनही माहितीचे: एका जुन्या मशिनचं पॅरामीटर बॅकअप कुठे ठेवलंय, वगैरे. परवानगीचे फोन थांबले म्हणजे निर्णय खाली गेले.

तिसरी तपासणी थोडी मेहनतीची आहे, पण मला सगळ्यात उपयोगी वाटते. खात्यात नेहमी घ्यावे लागणारे दहा निर्णय एका कागदावर लिहा: दहा हजारांपर्यंतचं स्पेअर मागवणं, शिफ्टची अदलाबदल, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्ससाठी मशिन कधी थांबवायचं, बाहेरच्या सर्व्हिस इंजिनियरला कधी बोलवायचं, असे. मॅनेजरला विचारा, यातला कुठला निर्णय कोण घेतं. मग तोच कागद घेऊन इंजिनियर आणि दोन-तीन टेक्निशियन यांना वेगवेगळं बसवून विचारा. आमच्याकडे मॅनेजर म्हणाला सहा निर्णय खाली दिलेत. खालचे म्हणाले तीन. मधले तीन निर्णय त्याने मनाने दिले होते, तोंडाने कधी सांगितलं नव्हतं. 'त्यांना कळायला हवं होतं' असं तो म्हणाला. हे खोटं बोलणं नाही. नव्या मॅनेजरकडे हे सर्रास दिसतं. पण मार्क खालच्या लोकांच्या आकड्यावर द्यायचे, कारण ज्याला अधिकार मिळाल्याचं माहीतच नाही तो तो वापरणार कसा?

आणि एक सावधगिरी. कंटाळवाणं काम खाली ढकलणं म्हणजे सोपवणं नव्हे. रोजचा रिपोर्ट इंजिनियरकडे दिला, एक्सेल शीट ट्रेनीकडे दिली आणि निर्णय मात्र सगळे वर ठेवले, तर तो रकाना रिकामाच समजा. उलट काही गोष्टी मॅनेजरने हातात ठेवायलाच हव्यात. पॅनलवर काम करताना वीज बंद करून कुलूप लावण्याच्या पद्धतीत सूट द्यायची की नाही, हा निर्णय शिफ्टवर सोडला असता तर मी त्याचे मार्क कापले असते.

सोपवलेलं काम बिघडलं तेव्हा तो कसा वागला, हेही शोधा. वर्षात असा एक तरी प्रसंग असतोच. आमच्याकडे जुलैमध्ये एका इंजिनियरने हायड्रॉलिक सिलिंडरचं सील चुकीच्या मापाचं मागवलं. अठरा हजारांचा माल पडून राहिला आणि मशिन अर्धा दिवस बंद. मॅनेजरने त्याच दिवशी सगळी खरेदी स्वतःकडे ओढून घेतली आणि दोन महिने ठेवली. सप्टेंबरअखेर ती परत दिली, पण एक नियम घालून: जुन्या सीलचा नमुना आणि ड्रॉइंग नंबर जोडल्याशिवाय इंडेंट जाणार नाही. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. काम ओढून घेणं ही घाबरून केलेली कृती होती. परत देताना त्याने चुकीच्या मुळाशी हात घातला, ही मॅनेजरची कृती होती.

माणसं घेणं: तीन माणसांवरून टक्केवारी काढू नका

त्या वर्षी त्याने तीन जागा भरल्या, एक इंजिनियर आणि दोन टेक्निशियन. त्यातला एक टेक्निशियन चार महिन्यांत सोडून गेला. फॉर्ममध्ये हे 'तेहतीस टक्के गळती' असं दिसतं, आणि तीन माणसांची टक्केवारी काढण्याला काही अर्थ नाही. एवढ्या थोड्या माणसांत नशिबाचा भाग मोठा असतो. म्हणून पहिल्या वर्षी निवडीचा निकाल कमी आणि निवडीची पद्धत जास्त तपासा.

पद्धत म्हणजे काय बघायचं? पहिलं, जागा भरायच्या आधी त्याने काय हवं आहे ते लिहिलं होतं का. 'तीन ते पाच वर्षं अनुभव, डिप्लोमा इलेक्ट्रिकल' ही एचआरची ओळ झाली. 'पहिल्या सहा महिन्यांत रात्रपाळीत एकट्याने कन्व्हेयरचा पीएलसी फॉल्ट शोधता आला पाहिजे' ही मॅनेजरची ओळ. दुसरं, इंटरव्ह्यूत काम करून घेतलं का. त्याने एका जुन्या पॅनलमध्ये मुद्दाम एक कॉन्टॅक्टरची वायर काढून ठेवली आणि उमेदवारांना अर्धा तास दिला. ही गोष्ट मला फार आवडली. तिसरं, सगळ्यांना तेच प्रश्न, तेच पॅनल आणि इंटरव्ह्यू संपल्या संपल्या लिहिलेले शेरे. नंतर आठवून लिहिलेले शेरे बहुधा घेतलेल्या माणसाची बाजू मांडणारे असतात.

ही शीटं बाहेर काढून आजच्या वस्तुस्थितीशी ताडून बघा. इंजिनियरबद्दल त्याने लिहिलं होतं: 'पीएलसीमध्ये माझ्यापेक्षा पुढे, मशिनच्या यांत्रिक बाजूला कच्चा, शिकवावं लागेल.' आठ महिन्यांनंतर तंतोतंत तसंच होतं. स्वतःपेक्षा एका बाबतीत सरस माणूस घेणं आणि तसं लेखी कबूल करणं, हे पहिल्यांदा मॅनेजर झालेल्या माणसाकडे क्वचित दिसतं. त्याला मी या रकान्यात सगळ्यात जास्त वजन दिलं.

सोडून गेलेल्या टेक्निशियनचं मात्र नीट खणून काढलं. एचआरच्या कागदावर कारण होतं 'वैयक्तिक'. मी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "सर, इंटरव्ह्यूत सांगितलं होतं की जास्त करून जनरल शिफ्ट असेल. आल्यावर महिन्यातले दोन आठवडे नाईट लागायला लागली. मी भोसरीहून येतो, रात्रीची बस मिळत नाही." जागा लवकर भरावी म्हणून मॅनेजरने शिफ्टचं सत्य गुळमुळीत करून सांगितलं होतं. एका माणसाच्या जाण्यापेक्षा मला हे जास्त गंभीर वाटलं, कारण ही सवय आहे आणि ती पुढच्या निवडीतही डोकं वर काढेल. फॉर्ममध्ये हेच गेलं.

जागा भरायला किती दिवस लागले याचाही हिशेब मांडला जातो. त्यातले मंजुरीत गेलेले दिवस वजा करा. आमच्या एका जागेला ७१ दिवस लागले, त्यातले ३४ वरची सही मिळण्यात गेले होते. आणि ज्या मॅनेजरने वर्षात एकही माणूस घेतलं नाही, त्याचा हा रकाना 'लागू नाही' असा ठेवून त्याचं वजन बाकीच्यांत वाटा. उगाच मधले तीन मार्क देऊ नका.

माणसं घडवणं: दोघांना तेच विचारा

'टीमला मार्गदर्शन करतो' हे वाक्य प्रत्येक फॉर्ममध्ये असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. ट्रेनिंगचे तास मोजूनही कळत नाही. हजेरीपटावर सह्या घेऊन ते कुणीही दाखवतं.

मी असं करतो. आधी मॅनेजरला बसवून प्रत्येक माणसाबद्दल दोन प्रश्न विचारतो: हा माणूस या वर्षात काय नवीन करायला लागला? आणि पुढे याला कशात सुधारायला हवं? उत्तरं तिथल्या तिथे लिहून घेतो. नंतर त्या माणसांना एकेकटं, चहाला बोलावून, तेच विचारतो: या वर्षात तू नवीन काय करायला लागलास, कुणी शिकवलं, आणि कशात सुधार असं साहेबांनी सांगितलंय? तिसरा प्रश्नही विचारतो: शेवटचं तुझ्या हातून काही चुकलं तेव्हा काय झालं? मग दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची. जुळली तर घडवणं चालू आहे. मॅनेजरला उणीव माहीत आहे पण माणसाला कधी सांगितलेलीच नाही, तर तो बघतो पण बोलत नाही. दोघांनाही काही सांगता येत नसेल, तर तिथे काहीच चाललेलं नाही.

दहापैकी सहा जणांची उत्तरं जुळली. ती सगळी तरुण मुलं होती. जी चार जुळली नाहीत त्यातले तीन जुने टेक्निशियन, पन्नाशीच्या आसपासचे. त्यातल्या एकाबद्दल मॅनेजर म्हणाला, "काका हायड्रॉलिकमध्ये देव आहेत, पण स्लिप भरत नाहीत, त्यामुळे त्यांनी काय केलं ते दुसऱ्या शिफ्टला कळत नाही." काकांना विचारलं तर म्हणाले, "मला कुणी काही बोललं नाही. पोरगं माझ्या हाताखाली शिकलंय, ते काय बोलणार मला?" दोघांच्या बोलण्यात सगळं आलं. ज्यांच्याकडून शिकलो त्यांना चूक दाखवायची हिंमत अजून याच्यात आलेली नव्हती. आपल्याकडे वयाचा मान हा खरा प्रश्न आहे, तो कमी लेखू नका. पण मॅनेजरला त्यातून वाट काढावीच लागते, आणि ती त्याने काढली नाही हे लिहावंच लागतं.

उत्तरं गोळा करताना एक पाळा. कोण काय बोललं हे मॅनेजरला नावानिशी सांगायचं नाही. काकांचं बोलणं मी त्याला काकांना विचारूनच सांगितलं. दहा माणसांच्या खात्यात एक वाक्य उचलून सांगितलं तरी कोण बोललं ते लगेच ओळखू येतं, आणि पुढच्या वर्षी कुणी तोंड उघडत नाही.

निदान दोनदा, वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटाकडे, त्याला काम चालू असताना बघा. जूनमध्ये एका रात्री मी शॉपवर होतो. टर्निंग सेंटरवर सर्वो अलार्म आला होता. नवा टेक्निशियन पॅनल उघडून बघत होता; मॅनेजर आला, त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला, "थांब, मी बघतो" म्हणाला, आणि वीस मिनिटांत मशिन चालू केलं. मुलगा मागे उभा राहून टॉर्च धरत होता. जानेवारीत तोच अलार्म, तोच मुलगा. या वेळी मॅनेजर पॅनलपासून दोन हात लांब, हाताची घडी घालून उभा. त्याने विचारलं, "अलार्म यायच्या आधी काय झालं होतं?" मुलगा गप्प. हाही गप्प राहिला. बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला, "कूलंट बदललं होतं, सर. केबलच्या कनेक्टरपाशी ओल असेल." कनेक्टर उघडला, ओल निघाली. पन्नास मिनिटं लागली. जूनपेक्षा तीस मिनिटं जास्त, आणि त्या रात्रीच्या ब्रेकडाऊनच्या आकड्यात ती तीस मिनिटं मॅनेजरच्या विरुद्ध मोजली गेली. पण मार्चमध्ये त्याच प्रकारचा फॉल्ट त्या मुलाने मॅनेजर घरी असताना पंचवीस मिनिटांत काढला, तीही स्लिप माझ्यासमोर होती. म्हणून वेळेचा आकडा या रकान्यात एकट्याने वाचू नये.

निकाल: आधी सारखं सारख्याशी लावा

आता तो ६० वरून ४१ चा आकडा. जुलैमध्ये आम्ही दोन जुनी मशिन्स काढून नवी बसवली होती. आदल्या वर्षी ती दोनच मशिन्स महिन्याला सरासरी ११ तास खात होती. म्हणजे मेंटेनन्सने काहीच केलं नसतं तरी आकडा खाली आलाच असता.

मग न बदललेल्या २० मशिन्सचा हिशेब वेगळा काढला. आदल्या वर्षी त्यांचा ब्रेकडाऊन महिन्याला ४९ तास होता. या वर्षी एप्रिल ते जून ४५, जुलै ते मार्च ३५. वर्षाची सरासरी ३७.५. एकूण घट १९ तासांची. त्यातली साडेअकरा खात्याच्या कामाची, उरलेली साडेसात नव्या मशिन्सची. साडेअकरा तास म्हणजे लहान गोष्ट नव्हे. मॅनेजरने हा हिशेब आधी केला नव्हता. दाखवल्यावर मान्य केला.

याची उलट बाजूही असते. ऑर्डर वाढून मशिन्स तिसऱ्या शिफ्टमध्ये चालायला लागली, तर ब्रेकडाऊनचे तास वाढतातच. तिथे दर हजार चालू तासांमागे किती बंद, असं बघावं. नाहीतर कष्ट करणाऱ्याचे मार्क जातात.

साडेअकरा तास कुठून आले हेही बघा. मी पहिल्या सहामाहीतली आणि दुसऱ्या सहामाहीतली घट वेगळी बघितली, कारण पहिल्या सहामाहीतलं मोठं काम तो स्वतः करत होता. त्याच्या स्वतःच्या हातांचा वाटा कमी झाल्यावरही आकडा खालीच राहिला, वर गेला नाही. मॅनेजर म्हणून त्याचा खरा निकाल हा. त्याचे हात कमी झाले आणि आकडा वर चढला, असं असतं तर मी निकालाचे मार्क कमी केले नसते, पण पुढच्या वर्षाची काळजी मात्र लिहिली असती.

वजन, शब्द आणि बैठक

पहिल्या वर्षाला मी असं वजन देतो: सोपवणं ३०, घडवणं ३०, निकाल २५, निवड १५. दुसऱ्या वर्षी निकाल ४० वर नेतो. पहिल्या वर्षी निकालात आदल्या मॅनेजरची पुण्याई किंवा पाप मिसळलेलं असतं, म्हणून तो कमी. तुमच्या कंपनीचा फॉर्म ठरलेला असेल आणि वजन बदलता येत नसेल, तर शेऱ्याच्या जागेत हे लिहा. वरच्या बैठकीत मार्क वर-खाली केले जातात तेव्हा तोच शेरा कामाला येतो.

शेरा असा नको: 'तांत्रिक ज्ञान उत्तम, डेलिगेशनमध्ये सुधारणेला वाव.' हे कुणालाही चिकटवता येतं. असा हवा: 'पहिल्या सहामाहीत २८ पैकी २१ मोठे ब्रेकडाऊन स्वतः हाताळले (त्यातले ९ वरिष्ठांच्या थेट फोनमुळे), दुसऱ्या सहामाहीत २० पैकी ८. दहा निर्णयांपैकी तीन टीमला स्पष्टपणे दिले आहेत. ज्येष्ठ टेक्निशियनना उणिवा सांगण्याचं काम अजून सुरू झालेलं नाही.' असं वाचल्यावर माणूस वाद घालतो तो तपशिलावर, आणि तपशिलावरचा वाद मिटवता येतो.

बैठकीला सव्वा तास ठेवा आणि मार्क शेवटच्या पंधरा मिनिटांत सांगा. आकडा आधी सांगितला की पुढचं काही ऐकू जात नाही. सुरुवात त्याला प्रत्येक माणसाबद्दल बोलायला लावून करा. स्वतःबद्दल बोलायला लावलं तर तो मशिन्सबद्दल बोलेल. आमचाही तसाच बोलला.

कुठे अडतं तेही सांगतो. २१ स्लिपांचा कागद समोर ठेवल्यावर तो दुखावला. "सर, मी नसतो तर त्या रात्री डिस्पॅच गेलाच नसता." हे खरंच होतं. मी त्यावर वाद घातला नाही. म्हटलं, "कुठल्या चार रात्री तू जाणं भागच होतं ते यातून काढून दाखव." त्याने स्लिपा चाळल्या आणि पाच काढल्या. आमच्या थेट फोनच्या ९ स्लिपाही बाजूला काढल्या, उरल्या ७. त्या सातांबद्दल तो स्वतःच म्हणाला, "या मुलांनी केल्या असत्या. वेळ लागला असता." त्यापुढे मला काही बोलायची गरज पडली नाही.

मार्क आले: सोपवण्यात पाचपैकी ३, घडवण्यात ३.५, निवडीत ३.५, निकालात ४. वजन लावून ३.५ च्या थोडं खाली. चांगल्या इंजिनियरला गेली तीन वर्षं साडेचारची सवय होती, त्यामुळे हा आकडा त्याला झोंबला. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी होती, ती मी सांगितली नव्हती: मॅनेजर झाल्याच्या पहिल्या वर्षी मार्क घसरतात, कारण पेपरच बदललेला असतो. हे एप्रिलमध्ये, बढतीचं पत्र देतानाच सांगा.

चारही रकान्यांत दोनच्या आसपास मार्क पडले आणि दोन सहामाह्यांत काही फरकच नसेल, तर वर्षभर आणखी वाट बघण्यापेक्षा तांत्रिक पदावर परत येण्याचं मोकळेपणाने विचारा. पगार न कापता, आणि शक्य असेल तर तज्ज्ञाचं वेगळं पद देऊन. पगार कापून परत पाठवलं तर त्याला ती शिक्षा वाटते आणि तो सहा महिन्यांत नोकरी बदलतो. खात्यातला सगळ्यात चांगला इंजिनियरही जातो आणि मॅनेजरही.

आमच्याकडे पुढच्या तिमाहीसाठी दोनच गोष्टी ठरल्या. दहा निर्णयांचा कागद शिफ्ट ऑफिसच्या भिंतीवर लावायचा, प्रत्येक निर्णयासमोर नाव लिहून. आणि जूनअखेरपर्यंत काकांसोबत बसून स्लिप भरण्याचं बोलून घ्यायचं. हे त्यानेच करायचं, माझ्यामार्फत नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी स्लिपा पुन्हा काढल्या. काकांच्या अक्षरातल्या अकरा होत्या. बाकीच्यांपेक्षा त्यांत मजकूर जास्त होता.